पुसल्याची खूण किती दिवस जपायची?

आपण दुकानाचे ऑनलाइन खाते बंद करतो. तसा निरोपही येतो. तरी महिन्याभराने त्याच दुकानाचा सवलतीचा एसएमएस मोबाइलवर येऊन पडतो. दुकानाने शब्द मोडला, असे आपल्याला वाटते. पण पुष्कळदा खाते मुख्य यादीतून खरोखर पुसलेले असते. ते पुसल्याची बातमी एसएमएस पाठवणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचलेली नसते.

मोठ्या दुकानाची ग्राहकयादी एकाच ठिकाणी नसते. मुख्य नोंदवहीतले बदल शोधयंत्रणा, बिलिंग आणि एसएमएस विभागाकडे जातात आणि प्रत्येकजण आपली प्रत ठेवतो. हे बदल वाहून नेण्यासाठी जगभर ‘काफ्का’ ही संगणकप्रणाली वापरतात. ती प्रत्येक बदल क्रमाने एका लांबलचक नोंदीत लिहिते आणि पुढच्या यंत्रणा आपापल्या वेगाने ती वाचतात. नोंद फुगत जाऊ नये म्हणून ‘कॉम्पॅक्शन’ नावाची साफसफाई चालते. ती प्रत्येक ग्राहकाची ताजी नोंद ठेवते आणि जुन्या काढून टाकते.

खाते पुसले की त्या ग्राहकाच्या क्रमांकापुढे कोरी नोंद लिहिली जाते. तिला ‘टूमस्टोन’, म्हणजे थडग्यावरचा दगड म्हणतात. ती वाचणारी यंत्रणा आपल्या प्रतीतून तो ग्राहक काढते. ही खूणही कायम ठेवली जात नाही. `delete.retention.ms` या सेटिंगमध्ये तिची मुदत असते आणि आपण काही बदलले नाही तर ती 24 तासांची असते. हे तास खूण लिहिल्यापासून नव्हे, तर साफसफाई तिच्यावरून पहिल्यांदा फिरल्यापासून मोजतात.

समजा, जोडसुट्टीच्या आदल्या गुरुवारी रात्री 10 वाजता एसएमएस यंत्रणा बंद पडली. शुक्रवारी सकाळी 4217 क्रमांकाच्या ग्राहकाने खाते बंद केले आणि खूण लिहिली गेली. रात्री 8 वाजता साफसफाई तिच्यावरून फिरली. शनिवारी रात्री 8 ला मुदत संपली आणि त्यानंतरच्या फेरीत खूण गेली. सोमवारी सकाळी 10 वाजता बिघाड लक्षात आला, दुपारी 4 वाजता यंत्रणा सुरू झाली. तिने राहिलेल्या नोंदी वाचल्या, पण त्यात 4217 चा उल्लेखच नव्हता. तिच्या प्रतीत तो ग्राहक तसाच राहिला आणि आता त्याला काढायला सांगणारे कुणी उरले नाही.

या चुकीचा आवाज होत नाही, हेच तिच्यातले वाईट. साफ केलेल्या नोंदीत अनुक्रमांकांमध्ये गाळलेल्या जागा असतातच. त्यामुळे वाचणाऱ्या यंत्रणेला काही हरवल्याची शंकाही येत नाही. चूक सापडते ती दोन्ही याद्या ताडून पाहिल्यावरच: मुख्य यादीत नसलेले ग्राहक एसएमएसच्या यादीत निघतात.

मग मुदत किती ठेवावी? वरच्या उदाहरणात बिघाड लक्षात यायला 84 तास आणि दुरुस्तीला 6 तास लागले. राहिलेले वाचून काढायला आणखी 6 तास धरा. झाले 96 तास, म्हणजे 4 दिवस. सर्वांत मंद यंत्रणेचा असा हिशेब करून वर मोकळीक ठेवायची. इथे मी 7 दिवस ठेवीन:

```
delete.retention.ms=604800000
```

चाचणीत मात्र एक फसगत होते. ज्या फाइलमध्ये लिहिणे चालू आहे, तिला साफसफाई हात लावत नाही. मूळ सेटिंगनुसार ती फाइल 1 जीबी भरल्यावर किंवा 7 दिवसांनी बंद होते. चाचणीत नोंदी थोड्या असल्याने खुणा कितीतरी दिवस टिकतात आणि 24 तासांची मुदत पुरेशी वाटते. दिवाळीच्या खरेदीत फाइली भराभर भरतात, साफसफाई लवकर फिरते आणि मुदत खरोखरच 24 तासांवर येते.

मग खुणा कायमच का ठेवू नयेत? एक खूण लहान असते. पण रोज लाखो नोंदी पुसल्या जात असतील, तर नव्याने वाचायला बसलेल्या यंत्रणेला मेलेल्यांचीच यादी वाचत बसावे लागते. शिवाय खुणेत ग्राहकाची ओळख शिल्लक असते. तिथे मोबाइल नंबर वापरला असेल, तर पुसलेला नंबर खुणेच्या रूपाने जपला जातो. म्हणून तिथे दुकानाचा अंतर्गत क्रमांकच वापरावा.

कितीही मुदत ठेवली तरी कधीतरी एखादी यंत्रणा तिच्यापेक्षा जास्त मागे पडेल. त्यासाठी नियम आधीच ठरवावा. निम्मी मुदत उलटली की माणसाला इशारा जावा. पूर्ण मुदत उलटली, तर त्या यंत्रणेने सोडल्या जागेवरून पुढे वाचू नये. आपली प्रत रिकामी करून पहिल्या नोंदीपासून ती पुन्हा उभारावी. हे वाचनही मुदतीच्या आत संपले पाहिजे. नाहीतर सुरुवातीला 4217 ची जुनी नोंद वाचली जाईल आणि तिथवर पोहोचेपर्यंत खूण पुन्हा नाहीशी झालेली असेल.