अक्षांश-रेखांशातला बिंदू म्हणजे दशांश चिन्ह नव्हे! (अंश-मिनिटे-सेकंद ते दशांश अंश)



गोंदिया जिल्ह्याची माहिती वाचताना 'जिल्हा २०.३९ ते २१.३८ उत्तर अक्षांशांदरम्यान आहे' असं वाक्य तुम्ही पुष्कळ ठिकाणी वाचलं असेल. आता मोबाईलच्या नकाशात गोंदिया शहर शोधा. अक्षांश साधारण २१.४५ दिसेल. म्हणजे जिल्हा २१.३८ ला संपतो आणि जिल्ह्याचं मुख्यालय २१.४५ वर! हिशेबाने गोंदिया शहर जिल्ह्याच्या सीमेबाहेर सात-आठ किलोमीटर उत्तरेला गेलं. असं कसं होईल?

उत्तर सोपं आहे. त्या वाक्यातला '२१.३८' म्हणजे २१ अंश ३८ मिनिटे. तिथला बिंदू दशांश चिन्ह नाही, तो फक्त अंश आणि मिनिटं वेगळी करणारा ठिपका आहे. मोबाईल मात्र खऱ्याखुऱ्या दशांशात बोलतो. २१ अंश ३८ मिनिटे म्हणजे दशांशात २१.६३३, आणि मग २१.४५ वरचं गोंदिया शहर बरोबर जिल्ह्याच्या आत येतं.

नुसतं वाचताना हा गोंधळ खपून जातो. पण हेच आकडे अंतराच्या सूत्रात टाकले की उत्तर चुकतं. किती चुकतं आणि ते ओळखायचं कसं, ते आज बघू.

आधी घड्याळ आठवा

एका अंशाची ६० मिनिटं आणि एका मिनिटाचे ६० सेकंद. तासाचं गणित तसंच्या तसं. अडीच तास म्हणजे २ तास ३० मिनिटं, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. ते २.५ तास असतात, २.३० नाही. सव्वादोन तास म्हणजे २.२५, २.१५ नाही. अंशांनाही हीच भाषा लावा. २१° १५′ म्हणजे सव्वाएकवीस अंश, २१° ३०′ म्हणजे साडेएकवीस, २१° ४५′ म्हणजे पावणेबावीस.

म्हणून रूपांतराचा नियम असा: मिनिटांना ६० ने भागा, सेकंदांना ३६०० ने भागा आणि दोन्ही अंशांत मिळवा.

```
दशांश अंश = अंश + मिनिटे/60 + सेकंद/3600
```

उदाहरण घेऊ, २१° २७′ ३६″.
२७ ÷ ६० = ०.४५
३६ ÷ ३६०० = ०.०१
बेरीज: २१ + ०.४५ + ०.०१ = २१.४६ अंश.

तोंडी पडताळा लगेच घ्या. २७ मिनिटं म्हणजे अर्ध्याला थोडी कमी, तेव्हा उत्तर साडेएकवीसच्या जरा अलीकडे हवं. २१.४६ तिथेच आहे. कोणी २१.२७३६ लिहिलं असेल तर ते सव्वाएकवीसच्या जवळ जातं, म्हणजे चूक.

आता अंतर काढू: गोंदिया ते तिरोडा

पृथ्वी गोल आहे, म्हणून दोन ठिकाणांमधलं हवाई अंतर काढायला हॅव्हरसाइन सूत्र वापरतात. त्यात φ म्हणजे अक्षांश, λ म्हणजे रेखांश, Δ म्हणजे दोन ठिकाणांच्या किमतींतला फरक, आणि R म्हणजे पृथ्वीची सरासरी त्रिज्या, ६३७१ किमी.

```
a = sin²(Δφ/2) + cos φ1 · cos φ2 · sin²(Δλ/2)
d = 2 · R · asin(√a)
```

मिनिटापर्यंत घेतलेली स्थानं अशी:
गोंदिया: २१° २७′ उत्तर, ८०° १२′ पूर्व
तिरोडा: २१° २४′ उत्तर, ७९° ५६′ पूर्व

रूपांतर केल्यावर गोंदिया (२१.४५, ८०.२०) आणि तिरोडा (२१.४०, ७९.९३३३). अक्षांशातला फरक ०.०५ अंश, रेखांशातला फरक ०.२६६७ अंश. सूत्रात टाकल्यावर a = ०.०००००४८८३ येतो, त्याचं वर्गमूळ ०.००२२०९८, आणि अंतर सुमारे २८.२ किमी. रस्त्याने हे अंतर तीसेक किलोमीटर आहे, म्हणजे उत्तर पटण्यासारखं आहे.

आता हेच आकडे रूपांतर न करता टाकू: (२१.२७, ८०.१२) आणि (२१.२४, ७९.५६). रेखांशातला फरक येतो ०.५६ अंश, आणि अंतर येतं ५८.१ किमी. दुपटीहून जास्त! सरळ रेषेतलं अंतर रस्त्याच्या अंतरापेक्षा मोठं कधीच असू शकत नाही. तेव्हा इथे चूक लगेच पकडली जाते.

एवढी मोठी चूक का आली?

कारण या दोन गावांच्या मधून ८०° पूर्व रेखावृत्त जातं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांतही इथेच पत्रक बदलतं. तिरोडा ५५ क्रमांकाच्या मालिकेत येतं, गोंदिया ६४ च्या.

खऱ्या मोजणीत ७९° ५९′ नंतर एकच मिनिट पुढे गेलं की ८०° ००′ येतं. पण तेच आकडे दशांश समजून लिहिले, तर ७९.५९ नंतर एकदम ८०.०० येतं. म्हणजे मध्ये ०.४१ अंशाची दरी पडली. खरी पायरी एका मिनिटाची, म्हणजे ०.०१६७ अंशाची. ही दरी जमिनीवर कुठेच नाही, ती आपल्या लिहिण्यात आहे. पूर्ण अंशाची रेषा ओलांडली की ती अंतरात मिसळते आणि अंतर फुगतं.

आणि जी चूक दिसत नाही ती

आता गोंदिया ते देवरी घ्या. देवरी आहे २१° ०४′ उत्तर, ८०° २२′ पूर्व. रूपांतर करून (२१.०६६७, ८०.३६६७) सूत्रात टाकलं तर अंतर येतं सुमारे ४६ किमी. रूपांतर न करता (२१.०४, ८०.२२) टाकलं तर २७.६ किमी.

इथे उत्तर कमी आलं. का? दोन्ही गावं २१ आणि २२ अक्षांशांच्या आतच आहेत, आणि ८० व ८१ रेखांशांच्या आतच आहेत. त्यामुळे ती दरी मध्ये येत नाही. फक्त २३ मिनिटांचा फरक, जो खरा ०.३८३३ अंश आहे, तो ०.२३ धरला गेला. १० मिनिटांचा फरक ०.१६६७ ऐवजी ०.१० झाला. म्हणजे दोन्ही फरक खऱ्याच्या ६० टक्के झाले आणि अंतरही ६० टक्केच आलं.

ही चूक जास्त घातक. रस्त्याशी तुलना करून ती सापडत नाही, कारण हवाई अंतर रस्त्यापेक्षा कमी असणारच असं आपण मानून घेतो. २७.६ किमी हा आकडा कुणाला खटकत नाही.

मग ओळखायचं कसं? आकड्यांच्या यादीकडे बघा. दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन अंक ००-५९ मध्येच आहेत का, ते तपासा. खऱ्या दशांशांत ६० ते ९९ सुद्धा यायलाच हवेत. आपल्या जिल्ह्यात तर हे सहज तपासता येतं. दक्षिणेकडे अर्जुनी मोरगाव भागातली गावं २१ अंशांच्या खाली आहेत, त्यांचे खरे दशांश २०.६५ ते २०.९९ असे हवेत. तिथे सगळीकडे २०.४०, २०.५२ असेच आकडे दिसले, तर ती मिनिटं आहेत असं समजा.

संगणकाच्या तक्त्यात करताना

A, B, C रकान्यांत अक्षांशाचे अंश, मिनिटे, सेकंद लिहा, D, E, F मध्ये रेखांशाचे. G आणि H मध्ये दशांश अंश येऊ द्या. दुसऱ्या ओळीत गोंदिया, तिसऱ्या ओळीत तिरोडा.

```
G2:  =A2+B2/60+C2/3600
H2:  =D2+E2/60+F2/3600
अंतर: =2*6371*ASIN(SQRT(SIN(RADIANS(G3-G2)/2)^2+COS(RADIANS(G2))*COS(RADIANS(G3))*SIN(RADIANS(H3-H2)/2)^2))
```

यातलं `RADIANS` विसरू नका. तक्त्यातले SIN आणि COS अंश नाही, रेडियन मागतात. ते विसरलात तर गोंदिया-तिरोडा अंतर सुमारे १४६७ किमी येईल. ही चूक निदान स्वतःच ओरडून सांगते!

दोन गोष्टी आणखी. हातात धरायच्या जीपीएस यंत्रावर पुष्कळदा `21°27.600'` असं दिसतं. यात सेकंद नाहीत, मिनिटंच दशांशात आहेत. तेव्हा २७.६ ÷ ६० = ०.४६ एवढंच करायचं, ६०० ला सेकंद समजायचं नाही. आणि दक्षिण अक्षांश किंवा पश्चिम रेखांश असेल तर आधी सगळी बेरीज करा, मग उणे चिन्ह द्या. ७४° ०४′ पश्चिम म्हणजे −७४.०६७. अंशाला आधीच उणे लावून मिनिटं मिळवली तर −७३.९३३ येतं आणि ठिकाण दुसरीकडेच जातं.

अचूकता किती ठेवायची?

अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ किमी, एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर. वरची स्थानं आपण मिनिटापर्यंतच घेतली, म्हणून २८.२ मधल्या त्या .२ ला फारसा अर्थ नाही. 'अठ्ठावीसच्या आसपास' म्हणणंच प्रामाणिक. सेकंद दिलेले असतील तर दशांशाचे चार अंक ठेवा. चौथ्या अंकातला एकाचा फरक म्हणजे सुमारे ११ मीटर.

हे मीटर खरोखर कुठे लागतात? महाराष्ट्रात सारस पक्षी मुख्यतः आपल्या गोंदिया-भंडारा भागातच उरले आहेत, आणि ते धानाच्या बांधीत घरटी करतात. समजा एकाच घरट्याची नोंद दोघांनी केली. एकाने मोबाईलवरून २१.५७ लिहिलं. दुसऱ्याने यंत्रावर २१° ३४′ १२″ वाचलं आणि तक्त्यात २१.३४१२ टाकलं. दोन्ही जागा एकच आहेत (करून बघा: ३४ ÷ ६० = ०.५६६७ आणि १२ ÷ ३६०० = ०.००३३). पण नकाशावर दुसरा ठिपका सुमारे २५ किमी दक्षिणेला पडेल आणि एका घरट्याची दोन होतील. जिथे पक्षी मोजकेच आहेत, तिथे एवढ्या फरकाने सगळी मोजणी बदलते.

स्वाध्याय: २१° २२′ ४८″ उत्तर, ८०° २३′ २४″ पूर्व हे स्थान दशांश अंशात लिहा. आधी सव्वा, साडे, पावणेच्या भाषेत अंदाज करा, मगच भागाकार करा.
(उत्तर: २१.३८, ८०.३९. आणि बघा, सुरुवातीच्या वाक्यातला '२१.३८' आणि हा २१.३८ दिसायला सारखे असले तरी त्यांच्यात सुमारे २८ किमीचं अंतर आहे!)