दुधाचे सहा रुपये आणि टोमॅटोचे पंचाहत्तर

वाचनालयात किंवा बचतगटाच्या बैठकीत महागाईवर बोलायला उभा राहिलो की मी आधी फळ्यावर वाणसामानाची यादी लिहितो. ‘निर्देशांक’ हा शब्द त्यानंतर बराच वेळ तोंडातून काढत नाही. यादी चार माणसांच्या घराची, एका महिन्याची असते. हिशेब सोपा जावा म्हणून रकमा गोल धरतो. गहू, तांदूळ, ज्वारी १२०० रुपये. डाळी ६००. तेल ६००. दूध महिन्याला २५ लिटर, साठच्या भावाने १५००. भाजीपाला ८००, त्यातले चार किलो टोमॅटो पंचवीसच्या भावाने १०० रुपयांचे. चहा, साखर, मसाला ३००. एकूण ५०००.

मग विचारतो, वर्षभरात टोमॅटो पंचवीसचा शंभर झाला आणि दूध साठचं सहासष्ट झालं, तर घराला जास्त झळ कशाची? सगळे एकमुखाने टोमॅटो म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. टोमॅटोमुळे यादी ३०० रुपयांनी वाढली, दुधामुळे १५० रुपयांनी. पण टोमॅटोचा भाव चौपट झाला होता आणि दूध फक्त दहा टक्क्यांनी वाढलं होतं. लिटरमागे सहा रुपयांची ती वाढ टोमॅटोच्या एवढ्या मोठ्या उसळीच्या निम्मी भरते, कारण दुधावर घराचा खर्चच पंधरापट होता. एखाद्या वस्तूचा भाव किती वाढला एवढं पाहून भागत नाही, त्या वस्तूने यादीत किती जागा अडवली आहे तेही पाहावं लागतं. या जागेलाच सरकारी भाषेत ‘भार’ म्हणतात.

हाच हिशेब देशपातळीवर होतो. यादी मात्र मोठी असते. तिच्यात घरभाडं, औषधं, शाळेची फी, कपडे, प्रवास हे सगळं येतं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची माणसं गावोगावच्या आणि शहरांतल्या ठरावीक बाजारांतून दर महिन्याला भाव टिपून आणतात. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत शंभर रुपयांच्या घरखर्चात टोमॅटोच्या वाट्याला सत्तावन्न पैसे होते, तर दूध आणि दुधाच्या पदार्थांना साडेसहा रुपयांहून थोडे जास्त.

२०२३चा जुलै आठवा. त्याआधी उन्हाळ्यात टोमॅटोला भावच नव्हता, शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला होता. अनेकांनी लागवड आवरती घेतली, पुढे उष्णता, रोग आणि पाऊस यांनी उरलेलं पीक मारलं. किरकोळ बाजारात किलोला शंभराच्या वर भाव गेला. सरकारने नारायणगाव, कोलारसारख्या बाजारांतून माल उचलून दिल्लीकडे आधी नव्वद, मग ऐंशी आणि सत्तर रुपयांनी विकला. जूनमध्ये ४.८७ टक्के असलेली महागाई जुलैत ७.४४ टक्क्यांवर गेली. टोमॅटोसोबत इतर भाज्याही त्यात होत्या. शंभरातली सत्तावन्न पैशांची वस्तूसुद्धा तिप्पट झाली की आकडा हलवते, ती अशी.

इथपर्यंत आलं की मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतंच, ‘पेपरात महागाई उतरली म्हणतात, मग आमचा वाणी कमी पैसे का घेत नाही?’ हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्याला पुरेसा वेळ मिळावा म्हणून बाकीचं मी भराभर आटपतो.

फळ्यावरची यादी पुन्हा घेऊ. पहिल्या वर्षी ती ५००० रुपयांची होती. दुसऱ्या वर्षी दुधाचे १५० आणि टोमॅटोचे ३०० वाढून ५४५० झाली, म्हणजे महागाई नऊ टक्के. तिसऱ्या वर्षी टोमॅटो परत पंचविसावर आला, ३०० रुपये वाचले. दूध मात्र सहासष्टवरच राहिलं, एकदा चढलेला दुधाचा भाव सहसा मागे येत नाही. शिवाय डाळींचे १२० आणि धान्याचे ६० रुपये वाढले. आता यादी ५३३० रुपयांची. मागच्या वर्षीच्या ५४५०शी ताडून पाहिली तर ती दोन टक्क्यांहून अधिक खाली आली. महागाई शून्याच्याही खाली गेली! पण पहिल्या वर्षीच्या ५००० रुपयांशी ताडली तर घर अजूनही ३३० रुपये जास्त मोजतंय. दोन्ही हिशेब खरे आहेत. पेपरातला आकडा मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी केलेली तुलना असतो, आणि आपल्या डोक्यात बऱ्याच जुन्या काळचा भाव बसलेला असतो.

असंच काहीसं २०२४च्या जुलैत घडलं. महागाई साडेतीन टक्क्यांच्या आसपास आली, जवळपास पाच वर्षांतली सर्वांत कमी. भाज्या तेव्हाही स्वस्त नव्हत्या. पण तुलना ज्या जुलैशी होत होती, तो २०२३चा टोमॅटोवाला जुलै होता. उंच ओट्याशेजारी उभा केलेला माणूस बुटका दिसावा तसं ते. म्हणून ‘महागाई उतरली’ हे वाचल्यावर मी आधी मागच्या वर्षीचा तोच महिना कसा होता ते पाहतो. आकडा उतरला तरी तो शून्याच्या वर असेपर्यंत यादी महागतच असते, फक्त वेग कमी झालेला असतो.

एका बैठकीत एक मावशी म्हणाल्या, ‘टोमॅटो महागला त्या महिन्यांत आम्ही तो आणलाच नाही. आमटीला चिंच, आमसूल घालत होतो. मग आमची महागाई कशी मोजायची?’ मावशींनी या मोजणीच्या उणिवेवर बोट ठेवलं होतं. निर्देशांकातली यादी बांधलेली असते. मावशींच्या घरानेही चार किलो टोमॅटो घेतलेच असं धरून ती चालते, त्यामुळे लोक ज्या युक्तीने खर्च वाचवतात ती तिला दिसत नाही. पण यादी दर महिन्याला बदलत गेलो तर भाव बदलले की माणसं, हेच कळेनासं होईल. मावशींचे पैसे वाचले हे खरं, पण टोमॅटोची आमटी ताटातून गेली हेही खरं, आणि ते नुकसान मोजायला हवं असं मला वाटतं.

पाकिटांचंही सांगायला हवं. दहा रुपयांचा पुडा शंभर ग्रॅमचा ऐंशी झाला आणि किंमत दहाच राहिली, तरी भाव पंचवीस टक्क्यांनी वाढलेला असतो. म्हणून पुड्यावरच्या किमतीआधी वजन वाचायचं.

आणि यादी कुणाची? २०१२च्या त्याच मालिकेत खाण्यापिण्याचा वाटा खेड्यांत शंभरात चौपन्न होता, शहरांत छत्तीस. एका घराचा महिन्याचा खर्च १२ हजार आणि त्यातले ७२०० खाण्यावर, दुसऱ्याचा ६० हजार आणि त्यातले १५ हजार खाण्यावर, असं समजा. खाणं दहा टक्क्यांनी महागलं, बाकी सगळं होतं तिथेच राहिलं. पहिल्या घराची महागाई सहा टक्के, दुसऱ्याची अडीच. दोघांनाही जाहीर होणारा आकडा एकच, आणि त्यातलं पहिलं घर त्यावर विश्वास ठेवत नाही, याचं मला नवल वाटत नाही.

निघताना मी एवढंच सांगतो की या महिन्याच्या यादीवर किमतीशेजारी वजन लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा काढा. भाजीला हंगाम असतो, जुलैचा टोमॅटो जानेवारीच्या टोमॅटोशी ताडायचा नाही. दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात, म्हणून फराळाच्या सामानाची यादी वेगळी ठेवा, आणि ती दिवाळीच्या यादीशीच जुळवा.