जिना बसला, पण डोक्याचं काय?

रो हाउसमधल्या सरळ जिन्याचं गणित उंचीपासून सुरू होतं. खालच्या तयार फरशीपासून वरच्या तयार फरशीपर्यंत 3000 मिमी आहेत असं धरू. राष्ट्रीय इमारत संहिता घरात 190 मिमीपर्यंतचा राइजर, म्हणजे पायरीची उभी बाजू, चालवून घेते. घरात वयस्कर माणसं असतील तर मात्र 175 च बरी. भागाकार येतो 17.14. पायऱ्या 17 केल्या तर राइजर 175 च्या वर जातो, म्हणून 18 घ्यायच्या. प्रत्येक राइजर 166.7 मिमीचा होतो.

रेव्हिटसारख्या बिम सॉफ्टवेअरमध्ये Base Level आणि Top Level निवडून Maximum Riser Height मध्ये 175 भरलं, की हा आकडा आपोआप येतो. मग 9 राइजरची पहिली फ्लाइट काढायची, एक मीटर जागा सोडून त्याच रेषेत दुसरी. मधलं लँडिंग सॉफ्टवेअर स्वतः जोडतं. राइजर 18 असले तरी पाय ठेवायचे ट्रेड मात्र 16 च, कारण पहिल्या फ्लाइटचा शेवटचा राइजर लँडिंगवर पोहोचवतो आणि दुसरीचा वरच्या मजल्यावर. 270 मिमीचा ट्रेड घेतला तर जिन्याची एकूण लांबी 5320 मिमी भरते. ट्रेड 18 मोजले की लांबी अर्ध्या मीटरहून जास्त चुकते.

इथवर सारं सुरळीत चालतं. घोळ होतो तो वरच्या स्लॅबच्या कटआउटमध्ये. जिना काढला म्हणून स्लॅब आपोआप कापला जात नाही. Shaft Opening वेगळं द्यावं लागतं आणि त्याची लांबी बहुतेक वेळा अंदाजाने ठरते. स्लॅब आणि फरशी मिळून 200 मिमी धरले, तर स्लॅबचा तळ 2800 वर येतो. हेडरूम 2.2 मीटर हवी, म्हणजे पायऱ्यांच्या कडांवरून जाणारी तिरकी रेषा 600 मिमी उंचीवर पोहोचण्याआधी डोक्यावरचा स्लॅब संपला पाहिजे. ती जागा पहिल्या राइजरपासून जेमतेम 700 मिमीवर येते. म्हणून कटआउट 4620 मिमी लांब लागतं. कोणी 3600 वर भागवलं, तर सातव्या पायरीवर चढताना डोक्यावर फक्त 1.63 मीटर उरतात.

त्यातच कटआउटच्या कडेला 450 मिमीचं बीम आलं, की तळ 2500 वर उतरतो आणि कड 700 ऐवजी साधारण 215 मिमीवर न्यावी लागते. बीम स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या मॉडेलमध्ये असतं. ते लिंक केलं नसेल, तर आर्किटेक्टच्या सेक्शनमध्ये जिना निर्दोष दिसतो. नुसतं Interference Check चालवूनही हा दोष सापडत नाही, कारण बीम आणि जिना एकमेकांना शिवतच नाहीत. त्यासाठी पायऱ्यांवर 2.2 मीटर उंचीचा एक पोकळीदर्शक आकार उभा करायचा आणि त्याची टक्कर स्लॅब व बीमशी तपासायची.

घर बांधून घेत असाल, तर स्लॅबचं शटरिंग लागण्याआधी जिन्यातून उभा कापलेला, बीम दाखवणारा सेक्शन मागून घ्या.