पॅड वाळतो कुठे?

दुकानातल्या पॅडला पर्याय शोधताना बहुतेक जणी आधी किंमत विचारतात. मी आधी विचारते, तुमच्या घरी कपडे वाळत कुठे घालता?

तरी हिशेब करूच. समजा, एका पाळीला पंधरा पॅड लागतात आणि एक सात रुपयांना पडतो, म्हणजे महिन्याला १०५ रुपये. दोनशे रुपयांचे सहा कापडी पॅड घेतले तर १२०० रुपये होतात. ते साधारण बारा पाळ्यांत वसूल होतात. नीट वापरले तर पुढची दोन-तीन वर्षं तरी टिकतात. सहाशे रुपयांच्या चार पिरियड पँटींचे २४०० वसूल व्हायला मात्र जवळजवळ दोन वर्षं जातात, आणि तोवर इलॅस्टिक सैल पडू लागतं. पैसे वाचवायचे असतील तर कापडी पॅडच परवडतो.

आता धुणं. वापरलेला पॅड आधी गार पाण्यात, अर्धा तास. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं कापडात घट्ट बसतात आणि डाग कायमचा राहतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत पिळायचं, मग थोडा साबण. स्वच्छ पाण्यात दाबल्यावर फेस आला तर साबण उरला आहे, पुन्हा खळबळा. तोच पुढे त्वचेला खाजतो. कपडे मऊ करणारं द्रव घालू नका, धाग्यांवर त्याचा थर बसला की कापड शोषेनासं होतं. गळती अडवणाऱ्या अस्तरावर इस्त्रीही नको.

खरी अडचण वाळवण्याची. उन्हाळ्यात पॅड दुपारपर्यंत कडक वाळतो. जुलैत कोकणात दोन दिवस दोरीवर राहूनही मधला जाड भाग ओला असतो. तो भाग गालाला लावून बघा: गार लागला किंवा कुबट वास आला तर वापरू नका. लाजेपोटी दुसऱ्या कपड्याखाली झाकून वाळत घालण्याची आपली जुनी सवय इथे नडते. पॅडला उघडी हवा आणि ऊन हवंच. म्हणूनच उलगडून सपाट होणारा घडीचा पॅड आपल्या पावसाळ्यात जास्त उपयोगी. शिवलेल्या जाड पॅडपेक्षा तो लवकर वाळतो. पँटीचे थर शिवूनच टाकलेले असल्याने तिला जास्त वेळ लागतो.

अंगाला कापड मऊ लागतं. प्लॅस्टिकच्या पाठीमुळे घामात मांड्या काचतात, ते इथे कमी होतं. पण दुकानी पॅडमधली ओल धरून ठेवणारी पूड यात नसते, त्यामुळे ओलेपणा जाणवतो. पॅड चार ते सहा तासांत बदलावा, रक्तस्राव जास्त असेल तर त्याआधीच. गोंद नसल्याने बटण लावूनही तो चालताना थोडा सरकतो. पँटी सरकत नाही, रात्री झोपायला ती उत्तम. मात्र प्रवासात, एसटी स्टँडच्या शौचालयात सगळे कपडे उतरवून ती बदलायची म्हणजे शिक्षाच. अशा दिवशी दुकानातला पॅड वापरावा, त्यात कमीपणा नाही.

एकदम संच घेऊ नका. आधी दोनच कापडी पॅड घ्या, आणि तेही पावसाळ्यात वापरून पाहा.