समन्वयकाचा बायोडेटा जाहिरातीशी ताडून कसा वाचावा?



आपल्यापैकी काही जण सेवाभावी संस्थांच्या निवड समितीवर बसतात, तर काहींची मुलेमुली अशा संस्थांत नोकरीसाठी अर्ज करतात. कार्यक्रम समन्वयकाचा बायोडेटा कसा पारखतात, हे दोघांनाही ठाऊक असलेले बरे. त्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ.

समजा, नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यात बालपोषणाचा प्रकल्प चालवणाऱ्या एका संस्थेला समन्वयक हवा आहे. जाहिरातीत तीन अपेक्षा आहेत. महिन्यातून किमान १५ दिवस पाड्यांवर काम, देणगीदारांना दर तिमाहीला अहवाल, आणि ग्रामसभा व बचत गटांना सोबत घेऊन काम. एका उमेदवाराने याच तालुक्यातील अनुभव तीन ओळींत लिहिला आहे: "४० पाड्यांवर ६ वर्षे क्षेत्रकार्य", "२४ तिमाही अहवाल वेळेत सादर", "२०० ग्रामसभा घेतल्या". पहिल्या वाचनात तिन्ही अपेक्षा पूर्ण झाल्यासारख्या वाटतात. आता एकेक ओळ पाहू.

पहिली ओळ क्षेत्रकार्याची. महिन्यात १५ दिवस फिरून रोज एक पाडा केला, तरी ४० पाड्यांची एक फेरी व्हायला अडीच महिन्यांहून अधिक काळ लागतो. मुलांची वजने मात्र दरमहा घ्यावी लागतात. म्हणजे वजने दुसरे कोणी घेत होते आणि उमेदवार देखरेख करत असावा. यात कमीपणा काही नाही, कारण समन्वयकाचे कामच ते आहे. पण मग "८ कार्यकर्त्यांवर देखरेख, दरमहा प्रत्येकाच्या एका पाड्यावर जाऊन काही मुलांची पुन्हा वजने घेऊन नोंदी पडताळल्या" असे लिहायला हवे. मुलाखतीत विचारावे, की दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीला किंवा मजुरीला बाहेरगावी गेली, की त्यांच्या मुलांची नोंद कशी ठेवत होता? प्रत्यक्ष काम केलेला माणूस यावर अडखळत नाही. भाषांच्या रकान्यात पावरी किंवा भिली नसेल, तर घरातल्या आईशी बोलणे कसे होत असे, हेही विचारावे.

दुसरी ओळ अहवालांची. ६ वर्षांत २४ तिमाह्या होतात, म्हणजे आकडा बरोबर जुळतो. पण अहवाल लिहिला कोणी, हे "सादर" या शब्दातून कळत नाही. खर्चाचा हिशेब बहुधा लेखापाल करतो. समन्वयकाला त्या आकड्यांमागचे कारण सांगावे लागते. प्रशिक्षणासाठी ३ लाख मंजूर होते आणि सहा महिन्यांत ९० हजारच खर्च झाले, तर अहवालात काय लिहिले? उरलेली रक्कम दुसऱ्या बाबीवर वळवण्याआधी देणगीदाराची लेखी संमती घेतली का? परदेशी देणगी असेल तर आणखी एक गोष्ट माहीत हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपेक्षा जास्त करता येत नाही. त्यामुळे कोणता खर्च कार्यक्रमाचा आणि कोणता कार्यालयाचा, हे समन्वयकाला सांगता आले पाहिजे.

तिसरी ओळ लोकसहभागाची, आणि इथे शब्दच शंका निर्माण करतो. ग्रामसभा संस्थेचा कार्यकर्ता "घेत" नाही. ती बोलावणे हे ग्रामपंचायतीचे काम आहे. उमेदवाराने पाड्यावरच्या बैठकांनाच ग्रामसभा म्हटले असावे. त्यापेक्षा "महिला गटाने अंगणवाडीच्या दुरुस्तीचा ठराव ग्रामसभेत मांडला, पेसाच्या ५ टक्के अबंध निधीतून काम झाले" अशी एकच ओळ २०० च्या आकड्याहून अधिक वजनदार ठरते. तिथे मागणी लोकांनी केली, निर्णय ग्रामसभेत झाला, आणि ठरावाची नोंद दप्तरात सापडते.

मग या उमेदवाराबद्दल काय ठरवावे? प्रत्येक अपेक्षेसमोर "पुरावा आहे", "नुसता दावा आहे" किंवा "उल्लेख नाही" यांपैकी एक शेरा लिहावा. येथे तिन्ही ठिकाणी दावा आहे, पुरावा नाही. तरीही अर्ज बाजूला टाकू नये. चांगले काम केलेल्या अनेकांना ते कागदावर मांडता येत नाही. त्याला बोलवावे आणि तासाभराचे एक काम द्यावे: एका पाड्याच्या तीन महिन्यांच्या वजनांच्या नोंदी व खर्चाचा तक्ता देऊन अर्ध्या पानाचा अहवाल लिहायला सांगावा. वजन न घेतलेली मुले त्याने वेगळी दाखवली की सरासरीत बुजवून टाकली, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

अर्ज करणाऱ्या तरुणांनी जाहिरात शेजारी ठेवूनच बायोडेटा लिहावा. प्रत्येक अपेक्षेसाठी स्वतः केलेले एक काम निवडावे, आणि ते कोठे केले, किती काळ केले व कोणत्या कागदावर त्याची नोंद आहे, हे साध्या शब्दांत सांगावे.