सिग्नलला तीन बिट पुरतात, मग सहा कशाला?

एक महामार्ग आणि त्याला छेदणारा एक शेतरस्ता. महामार्गावर वाहनांची रीघ, शेतरस्त्यावर अधूनमधून एखादी गाडी. या चौकातला सिग्नल सांभाळणारं सर्किट कसं बांधायचं? कार्व्हर मीड आणि लिन कॉनवे यांनी १९८० साली चिप-रचनेवरच्या आपल्या पुस्तकात हेच उदाहरण घेतलं होतं. पुढे डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या अनेकांचा पहिला आराखडा याच चौकातून गेला. उदाहरण लहान आहे, पण एक गंभीर निर्णय त्यात पुरता उघडा पडतो: सर्किटने ‘मी आत्ता कुठे आहे’ हे लक्षात कसं ठेवायचं?

आधी नियम पाहू. एरवी महामार्गाला हिरवा. शेतरस्त्याच्या तोंडाशी डांबराखाली सेन्सर पुरलेला आहे. गाडी त्यावर येऊन थांबली आणि महामार्गाचा किमान वेळ झालेला असला, की महामार्गाला पिवळा लागतो आणि मग शेतरस्त्याचा सिग्नल सुटतो. शेतरस्त्यावरच्या गाड्या संपल्या किंवा त्याचा कमाल वेळ भरला, की त्यालाही पिवळा आणि पुन्हा महामार्ग सुरू. मीड-कॉनवेंच्या आराखड्यात यासाठी चार स्थिती होत्या. मी त्यात आणखी दोन घालतो. प्रत्येक पिवळ्यानंतर दोन सेकंद चारही बाजूंना लाल, म्हणजे चौकाच्या मध्यात असलेली गाडी बाहेर पडेपर्यंत दुसरी बाजू थांबून राहील.

अशा सहा स्थिती झाल्या. सर्किट एका वेळी यांपैकी एकाच स्थितीत असतं आणि क्लॉकच्या ठोक्यालाच एकीतून दुसरीत जातं. बेल लॅब्समधले एडवर्ड मूर यांनी १९५६ साली अशा यंत्रांचा जो प्रकार मांडला, त्याला मूर मशीन म्हणतात. त्याचा नियम एकच: बाहेर काय दिसणार हे फक्त स्थितीवर ठरतं. सेन्सर आणि टायमर पुढची स्थिती ठरवतात, पण दिव्यांना थेट हात लावू शकत नाहीत. आदल्याच वर्षी तिथल्याच जॉर्ज मीली यांनी मांडलेल्या प्रकारात बाहेरून येणारी खूणही दिव्यापर्यंत थेट पोहोचू शकते. सिग्नलसाठी मूरचा प्रकार का घ्यायचा, हे सेन्सरकडे पाहिलं की कळतं. गाडी सेन्सरच्या काठावर उभी असेल, तर त्याची खूण क्षणात आहे, क्षणात नाही अशी थरथरते. मूर मशीनमध्ये ती थरथर दिव्यापर्यंत येत नाही.

टायमर वेगळा ठेवतात. स्थिती बदलली की तो शून्यापासून मोजू लागतो आणि त्या स्थितीचा वेळ भरला की `T` ही खूण देतो. इथे एक चूक हमखास होते. टायमर एक ठोका उशिरा शून्यावर आला, तर जुनी `T` नव्या स्थितीतही एक ठोका टिकते. मग महामार्गाचा पिवळा लागतो न लागतो तोच संपतो. सिम्युलेशनच्या आलेखात पिवळ्याची पट्टी जेमतेम एका ठोक्याएवढी दिसली, तर आधी टायमर तपासावा. ज्या ठोक्याला स्थिती बदलते, त्याच ठोक्याला टायमरही शून्य झाला पाहिजे.

आता मूळ प्रश्न. सहा स्थिती फ्लिप-फ्लॉपमध्ये साठवायच्या आहेत आणि एका फ्लिप-फ्लॉपमध्ये एकच बिट मावतो. बायनरी पद्धतीत स्थितींना क्रमाने आकडे दिले की तीन बिट पुरतात. वन-हॉट पद्धतीत प्रत्येक स्थितीला स्वतःचा फ्लिप-फ्लॉप असतो, आणि सहांपैकी नेमका एकच १ असतो.

```
स्थिती                   बायनरी   वन-हॉट
HG  महामार्ग हिरवा         000     000001
HY  महामार्ग पिवळा         001     000010
R1  सगळीकडे लाल          010     000100
FG  शेतरस्ता हिरवा        011     001000
FY  शेतरस्ता पिवळा        100     010000
R2  सगळीकडे लाल          101     100000
```

हिशेब असा मांडला की बायनरी स्वस्त आणि वन-हॉट उधळी वाटते. एकेक फ्लिप-फ्लॉप मोजून वापरावा लागे तेव्हा हा युक्तिवाद खरा होता. आज असं सर्किट बहुधा एफपीजीएमध्ये उतरवतात. तिथे हजारो फ्लिप-फ्लॉप असतात, आणि प्रत्येकाच्या शेजारी चार ते सहा इनपुट घेणारं एक छोटं तर्ककोष्टक. वन-हॉटमध्ये कुठल्याही फ्लिप-फ्लॉपला स्वतःची स्थिती, आधीची स्थिती, `T` आणि सेन्सरची खूण `C` एवढंच पाहावं लागतं. म्हणजे फार तर चार इनपुट. बायनरीत एकेका बिटाला तिन्ही बिट, `T` आणि `C` अशी पाच इनपुट लागू शकतात. स्थिती चाळीस-पन्नास असतील, तर हा फरक वेगात जाणवतो. सहा स्थितींना तो नगण्य आहे. या चौकासाठी जागा आणि वेग हे मुद्देच नव्हेत. दोन्ही पद्धती बिघडतात कशा, यावर निवड ठरायला हवी.

आधी बायनरी घेऊ. शेतरस्त्याचा हिरवा संपून पिवळा लागताना `011` चं `100` होतं, म्हणजे तिन्ही बिट एकदम बदलतात. शेवटची गाडी सेन्सरवरून पुढे सरकली म्हणून हा बदल होतोय असं समजा. गाडी क्लॉकला विचारून सरकत नाही. `C` ची खूण नेमकी ठोक्याच्या क्षणी पडली, तर एका फ्लिप-फ्लॉपला ती नवी दिसते, तर लांबच्या तारेवरच्या दुसऱ्याला अजून जुनीच. समजा, खालच्या दोन बिटांनी बदल पाहिला आणि ते ० झाले, पण वरच्या बिटाने तो पाहिला नाही. सर्किट `000` वर पोहोचलं. म्हणजे महामार्ग हिरवा! मध्ये पिवळा नाही, सगळीकडे लाल नाही, आणि नुकतीच सरकलेली ती गाडी अजून चौकाच्या मध्यात आहे. त्यात `000` ही अगदी वैध स्थिती असल्यामुळे काही चुकलंय हे सर्किटला कळण्याचा मार्गच उरत नाही.

वन-हॉटचा बिघाड वेगळा असतो. तिथे तो १ खो-खोतल्या खोसारखा फिरतो: एकाने घ्यायचा, दुसऱ्याने सोडायचा, आणि मैदानात धावणारा सदैव एकच. ही देवघेव दोन वेगळ्या समीकरणांत असते:

```verilog
next[HG] = (s[HG] & ~(T & C)) | (s[R2] & T);
next[HY] = (s[HG] &  (T & C)) | (s[HY] & ~T);
```

`C` ठोक्याच्या काठावर बदलली आणि फक्त `HG` च्या फ्लिप-फ्लॉपने ती पाहिली, तर त्याने खो सोडला आणि `HY` ने घेतलाच नाही. सहाही बिट ०. सर्किट तिथेच कायमचं अडकतं. उलट फक्त `HY` ने ती पाहिली, तर खो दोन झाले. मग ती गाडी मधल्या काळात सेन्सरवरून हटली, तर एक खो `HG` वर थांबून राहतो, दुसरा पुढे सरकत `FG` वर येतो, आणि दोन्ही रस्ते एकाच वेळी हिरवे होऊ शकतात.

दोन्हींवर पहिला उपाय एकच आहे. सेन्सरची खूण स्टेट मशीनकडे नेण्याआधी एकापाठोपाठ दोन फ्लिप-फ्लॉपमधून न्यायची. मग ती क्लॉकच्या तालात येते आणि सगळ्यांना एकच दिसते. हे न करता कोडिंगची चर्चा करणं व्यर्थ आहे. पण विजेच्या झटक्याने किंवा तारेतल्या गोंगाटाने एखादा बिट उलटण्याची शक्यता तरीही उरते, आणि खरा फरक तिथे दिसतो. बायनरीत आठांपैकी सहा संकेत वापरात असल्यामुळे एक बिट उलटला की बहुतेक वेळा दुसरी वैध स्थितीच मिळते. चूक खऱ्याच्या वेशात येते. वन-हॉटमध्ये एक बिट उलटला की एकतर सगळे ० होतात किंवा दोन १ होतात. ६४ पैकी ५८ संकेत अवैध आहेत आणि एका बिटाची कोणतीही चूक त्यांतच पडते, म्हणजे ती पकडता येते. जास्तीच्या तीन फ्लिप-फ्लॉपनी आपण हेच विकत घेतो.

मात्र पकडणारं सर्किट ठेवलं तरच. प्रत्येक ठोक्याला नेमका एकच १ आहे ना, हे तपासायचं. नसेल तर थेट `R2` वर, सगळीकडे लाल. शिवाय लाल दिव्याचं समीकरण ‘हिरवा नाही आणि पिवळाही नाही’ असं लिहायचं. मग सगळे बिट ० झाले, तरी दिवे विझत नाहीत, लाल लागतात.

इथे सिंथेसिस टूलची एक खोड माहीत हवी. कोड चिपमध्ये उतरवताना टूल विचार करतं की या अवैध स्थितीत सर्किट कधी जाऊच शकत नाही, मग तिची तपासणी कशाला? आणि आपण मुद्दाम लिहिलेली `default` ओळ ते काढून टाकतं. त्याला स्पष्ट बजावावं लागतं. विवाडो या टूलमध्ये ते असं:

```verilog
(* fsm_encoding = "one_hot",
   fsm_safe_state = "reset_state" *)
reg [5:0] s;
```

रीसेटची स्थिती `R2` ठेवली की वीज आल्यावर आणि बिघाडानंतर, दोन्ही वेळी सुरुवात लालनेच होते.

अगदी लहान चिपवर एकेक फ्लिप-फ्लॉप मोजूनच वापरायचा असेल, तर तीन बिट घ्यावेत, पण क्रमाचे आकडे देऊ नयेत. `000`, `001`, `011`, `111`, `110`, `100` असा फेरा घ्यावा. यात प्रत्येक पायरीला एकच बिट बदलतो, त्यामुळे अवेळी आलेली खूण फार तर बदल एका ठोक्याने लांबवते, भलतीकडे उडी मारायला लावत नाही. उरलेले `010` आणि `101` लालकडे वळवावेत. उलटलेला बिट मात्र इथेही बहुधा लपूनच राहील.

एफपीजीए हाताशी असेल, तर मी या चौकाला वन-हॉटच देईन, तपासणीसकट. प्रत्यक्ष रस्त्यावरच्या सिग्नल-पेटीत बहुधा मायक्रोप्रोसेसर असतो आणि हीच स्टेट मशीन प्रोग्रॅमच्या रूपात चालते. अमेरिकेतल्या नेमा मानकाप्रमाणे तिच्यावर एक स्वतंत्र पहारेकरीही असतो. तो दिव्यांच्या तारांवरचा दाब पाहतो आणि परस्परविरोधी हिरवे दिसले की चौक लुकलुकत्या दिव्यांवर टाकतो. तो असला तरी आतल्या यंत्राची परीक्षा चुकवू नये, आणि सहा बिटांच्या यंत्राची परीक्षा पुरती घेता येते. सिंथेसिसनंतरच्या सर्किटच्या सिम्युलेशनमध्ये `s` वर बळजबरीने ६४ ही संकेत एकेक करून लादावेत. ५८ अवैध संकेतांपैकी प्रत्येकानंतर पुढच्याच ठोक्याला सगळीकडे लाल दिसला पाहिजे. एक जरी संकेत निसटला, तर टूलने तपासणी काढून टाकली आहे असं समजावं आणि तो आराखडा चौकात नेऊ नये.