ओबीच्या डोंगरातली वाळू

वणी, राजुरा, उमरेड किंवा कन्हानच्या पट्ट्यातून जाताना सपाट शेतांच्या मधोमध, माथा कापून टाकल्यासारखे डोंगर उभे दिसतात. कोळशाच्या खुल्या खाणीतून उपसलेली माती, मुरूम आणि दगड यांचे ते ढिगारे आहेत. खाणीवर त्यांना सगळे ओबी म्हणतात, म्हणजे ओव्हरबर्डन. कोल इंडियाच्या खाणींमध्ये एक टन कोळसा हाती येण्यासाठी सरासरी अडीच घनमीटरच्या आसपास ओबी काढावी लागते, आणि विदर्भात हे प्रमाण त्याहून बरेच जास्त आहे. शिवाय फोडलेल्या खडकाच्या तुकड्यांमध्ये पोकळी राहते, त्यामुळे त्याचं आकारमान निदान पावपटीने वाढतं. म्हणून कोळसा काढून झाल्यावर खड्डा भरायला घेतला, तरी जेवढं काढलं तेवढं सगळं त्यात मावत नाही. पहिल्या काही वर्षांत तर भरायला खड्डाच नसतो. तेव्हाची ओबी बाहेर, बहुधा संपादित केलेल्या शेतजमिनीवरच पडते.

हे ढिगारे कसे रचावेत याचे नियम आहेत. उताराचा कोन साडेसदतीस अंशांपेक्षा जास्त नको आणि ढीग तीस मीटरच्या वर गेला की पायऱ्या पाडायच्या, एका पायरीची उंची तीस मीटरच्या आतच ठेवायची. पण ढीग घसरण्याचं कारण पुष्कळदा वरच्या उतारात नसून तळाशी असतं. विदर्भात खाणीच्या जागी सर्वांत वर काळी माती असते. ती पाणी प्यायली की फुगते आणि गुळगुळीत होते. ही माती खरवडून न काढता तिच्यावरच ओबी ओतली, किंवा ती ओबीत मिसळून थर टाकले, तर आत एक निसरडा थर तयार होतो. त्यात पावसाचं पाणी मुरलं की कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, कण एकमेकांवर घट्ट रेटून बसायचे ते सैल होतात, आणि वरचा सगळा भार त्या थरावरून सरकू लागतो.

झारखंडमध्ये गोड्डा जिल्ह्यातल्या राजमहल प्रकल्पाच्या लालमाटिया खाणीत २९ डिसेंबर २०१६च्या संध्याकाळी जे घडलं त्यावरून याचा आवाका कळतो. ओबीच्या ढिगाखालची सुमारे ३०० मीटर लांब आणि ११० मीटर रुंद अशी जमीनच साधारण ३५ मीटर खाली बसली. कंपनीच्या प्राथमिक अंदाजानुसार ९५ लाख घनमीटर माती-दगड हलले. खाली काम करणारी यंत्रं आणि माणसं त्यात गाडली गेली. २३ कामगारांचा जीव गेला.

असा ढीग सहसा चाहूल न देता जात नाही. माथ्यावर, कडेपासून थोडं आत, कडेला समांतर अशी चीर पडते. सुरुवातीला ती बोटाएवढी असते, मग हात जाईल एवढी रुंदावते. पायथ्याशी जमीन फुगून वर येते. कोरड्या दिवसांतही तळातून गढूळ पाणी झिरपतं. चिरेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून रोज फीत लावली, तरी ढिगाची चाल समजते. मोठ्या खाणींत आता हेच काम रडार करतं. चिरेवर डोझर फिरवून ती माती लोटून बुजवणं हा मात्र धोकादायक प्रकार आहे. त्याने खूण तेवढी पुसली जाते, पाणी मुरायचं ते मुरतच राहतं.

आता ढिगात आहे काय ते पाहू. कोळसा मंत्रालयाच्या माहितीप्रमाणे ओबीत आकारमानाने साधारण ६० टक्के वाळूचा खडक असतो. नागपूर-चंद्रपूर पट्ट्यात कोळशाच्या वर येणारा वाळूचा खडक भूशास्त्रात कामठी गावाच्या नावानेच ओळखला जातो. साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी आणून टाकलेली ही वाळू आहे, आणि पुष्कळ ठिकाणी ती इतकी सैल चिकटलेली असते की हातोडीच्या एका घावात तिचा भुगा होतो. एकीकडे कन्हान आणि वर्धेच्या पात्रातून वाळू उपसली जाते, घाट उजाड होतात, आणि दुसरीकडे त्याच नद्यांच्या खोऱ्यातली जुनी वाळू डंपरमध्ये भरून शेतावर टाकली जाते. हे मला नेहमीच फार खटकत आलं आहे.

वेस्टर्न कोलफिल्ड्स या नागपूरच्या कंपनीने ही वाळू वेगळी करायला सुरुवात केली. आधी हाताशी असलेल्या यंत्रांत फेरफार करून दिवसाला सुमारे ३०० घनमीटर वाळू काढली गेली आणि ती नागपूर सुधार प्रन्यासाला पंतप्रधान आवास योजनेच्या घरांसाठी स्वस्तात देण्यात आली. पुढे नागपूर जिल्ह्यात गोंडेगावला दिवसाला २,५०० घनमीटर क्षमतेचा मोठा प्रकल्प उभा राहिला. त्या वेळी कंपनीने उत्पादनखर्च घनमीटरला सुमारे १६० रुपये, म्हणजे बाजारभावाच्या दहाव्या हिश्शाएवढा सांगितला होता.

अशा प्रकल्पात ओबी आधी जाड जाळीवरून जाते आणि मोठे धोंडे बाजूला होतात. उरलेला माल क्रशरमध्ये फोडून पाण्यासोबत हलत्या चाळण्यांवर सोडतात. पाऊण इंचाचे, अर्ध्या इंचाचे तुकडे वेगळे निघतात आणि पावणेपाच मिलिमीटरच्या आतला भाग पाण्याबरोबर पुढे जातो. तिथे एका शंकूच्या आकाराच्या नळकांड्यात हे पाणी गरगर फिरवतात. जड वाळू कडेने खाली उतरते आणि हलका, पिठासारखा गाळ वरून पाण्याबरोबर निघून जातो. खालची वाळू निथळली की विकायला तयार. धुण्यासाठी नवं पाणी लागतंच असं नाही, खाणीच्या तळाशी साचलेलं पाणी चालतं.

अडचण त्या वरून निघालेल्या गाळात आहे. कोरड्या ढिगातली बारीक माती आता पाण्यात कालवली गेली. तांबं, जस्त, लोखंड यांच्या खाणींत खनिज धुऊन उरणारा जो लगदा असतो, ज्याला टेलिंग्ज म्हणतात, तसंच हे काहीसं झालं. ओबीचा प्रश्न सोडवताना टेलिंग्जचा प्रश्न उभा राहू शकतो, आणि तो जास्त घातक असतो. कारण ओबी घसरते ती बहुधा काही शे मीटर. लगदा मात्र पाण्यासारखा वाहत जातो.

ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो गावाजवळच्या लोहखाणीत असा गाळ ८६ मीटर उंच बांधामागे साठवला होता. हा बांध वाढवत नेण्याची पद्धत स्वस्त होती: आत बसलेल्या गाळावरच पुढची पायरी रचायची. म्हणजे बांधाचा पाया गाळाचाच. तिथे नवा गाळ टाकणं २०१६मध्ये थांबलं होतं, तरी आतलं पाणी पुरेसं निथळलं नव्हतं. २५ जानेवारी २०१९ला भरदुपारी, जेवणाच्या वेळी, बांधाचा पुढचा भाग काही सेकंदांत पातळ होऊन कोसळला. खालीच कामगारांचं उपाहारगृह होतं. २७० माणसं गेली. तपासणाऱ्या तज्ज्ञांना भूकंप किंवा स्फोटासारखं बाहेरचं कारण सापडलं नाही. सैल, भिजलेला गाळ आपल्याच भाराखाली हळूहळू सरकत होता आणि जोराच्या पावसाने त्याची उरलीसुरली पकडही कमी केली होती. त्याच वर्षी ब्राझीलने अशा पद्धतीच्या बांधांवर बंदी घातली.

म्हणून वाळूच्या प्रकल्पाला भेट द्यायची झाली तर मी वाळूच्या ढिगाआधी गाळाचं काय होतं ते पाहीन. चांगल्या ठिकाणी गाळाच्या टाकीत रसायनाचे थेंब टाकून कण एकत्र बांधतात, ते तळाशी बसतात आणि वरचं नितळ पाणी पुन्हा धुण्याला जातं. तळाचा गाळ यंत्राने दाबून पाणी काढलं की त्याच्या हातात धरता येतील अशा वड्या पडतात. या वड्या खड्ड्यात थरावर थर दाबून भरता येतात, आणि माती योग्य असेल तर विटांतही मिसळता येतात. जिथे हा खर्च वाचवून गाळ नुसता तळ्यात सोडलेला असतो, तिथली स्वस्त वाळू खरी स्वस्त नसते.

आता वाळू वापरणाऱ्याची बाजू. बांधकामाच्या जागेवर एक सोपी परीक्षा चालते. काचेच्या उभ्या, खुणा असलेल्या भांड्यात अर्ध्यापर्यंत वाळू आणि वर चिमूटभर मीठ घातलेलं पाणी भरायचं, जोरात हलवायचं आणि तीन तास शांत ठेवायचं. वाळूवर गाळाचा थर वेगळा दिसतो. तो वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जास्त असला तर माल परत पाठवावा. कोळशाच्या खाणीतल्या वाळूत आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे कोळशाचे कण. भारतीय मानकाप्रमाणे ते वजनाने एक टक्क्याच्या आत हवेत. ते मऊ असतात, काँक्रीट कमकुवत करतात आणि गिलाव्यावर काळे डाग उमटवतात.

जे काचेच्या भांड्यात दिसत नाही ते सर्वांत वाईट. कोळशालगतच्या शेल खडकात पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं सोनेरी चमकीचं खनिज, असू शकतं. हवा-पाणी लागलं की त्यातून आम्ल आणि सल्फेट तयार होतात आणि काँक्रीट आतून फुगून तडकतं. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात गेल्या शतकाच्या पूर्वार्धात कथील आणि तांब्याच्या खाणींचा टाकाऊ दगड वापरून काँक्रीटचे ठोकळे पाडले गेले. दगड फुकट होता, घरं भराभर उभी राहिली. काही दशकांनी ठोकळ्यांचा भुगा होऊ लागला. आजही त्या भागात जुनं घर विकताना भिंतीतून नमुना काढून तपासावा लागतो आणि तो नापास झाला तर बँक सहसा कर्ज देत नाही. ओबीच्या वाळूची गंधकासाठी प्रयोगशाळेत तपासणी म्हणूनच हवी, आणि तीसुद्धा खडकाचा थर बदलेल तशी पुनःपुन्हा.

एवढं करूनही डोंगर संपतील का? गोंडेगावसारखा प्रकल्प वर्षातले ३०० दिवस पूर्ण क्षमतेने चालला तर साडेसात लाख घनमीटर वाळू निघेल. कोल इंडिया एका वर्षात दीडशे कोटी घनमीटरहून जास्त ओबी उचलते. शिवाय वाळू जड असते. दिवसाची २,५०० घनमीटर म्हणजे अंदाजे ४,००० टन, टिपरच्या सव्वादोनशे ते अडीचशे फेऱ्या. गिऱ्हाईक लांब असेल तर भाड्यातच भाव जातो, आणि वाटेवरच्या गावांच्या वाट्याला धूळ येते. वाळूबरोबरच महामार्गाचे भराव आणि भूमिगत खाणींच्या पोकळ्या भरणं अशी जवळची, मोठ्या मापाची कामं म्हणूनच लागतात. या पोकळ्या पूर्वी नदीची वाळू आणून भरल्या जायच्या.

माझ्या मते खरा निर्णय प्रकल्पात नव्हे, शॉवेलच्या पहिल्या फाळक्याला होतो. काळी माती एकीकडे, वाळूचा खडक दुसरीकडे, कोळशालगतचा शेल तिसरीकडे, असं उचलतानाच वेगळं टाकलं तर वाळूच्या खडकाचा ढीग पाणी निथळू देतो, उभा राहतो आणि पुढे विकताही येतो. काळी माती खड्डा भरल्यावर वर पसरायला मिळते, आणि शेल खड्ड्याच्या तळाशी, हवा लागणार नाही असा गाडता येतो. वेगळं टाकायला डंपरला जास्त फेरा पडतो आणि कंत्राटदाराला पैसे घनमीटरवर मिळतात, त्यामुळे सगळं जवळच्या एकाच ढिगावर ओतण्याकडे कल असतो. ओबी काढण्याच्या निविदेत थरागणिक वेगळा दर लावला आणि मोजमापही तसंच घेतलं, तर हा कल बदलू शकेल.